अंडं एकच, मग कॅलरी चार वेगवेगळ्या कशा?

प्रश्न: मी रोज सकाळी २ पूर्ण अंडी आणि ४ अंड्यांचं फक्त पांढरं खातो, कधी उकडून कधी तेलात फ्राय करून. ॲपमध्ये अंडं टाकलं की कुठे ५४ कॅलरी येतात, कुठे ७२, कुठे ९० आणि एका ठिकाणी तर १५५. खरं कुठलं धरू? आणि तळल्यावर प्रोटीन कमी होतं का?

उत्तर:

चारही आकडे खरे आहेत, फक्त चारही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ५४ म्हणजे छोटं अंडं. ७२ म्हणजे लार्ज, टरफल काढून साधारण ५० ग्रॅम भरतं ते. १५५ हा एका अंड्याचा आकडाच नाहीये, तो १०० ग्रॅम उकडलेल्या अंड्याचा आहे, म्हणजे जवळजवळ दोन लार्ज अंडी. आणि ९० हा सगळ्यात फसवा, कारण तो दोन ठिकाणी येतो, एकदा जम्बो साईजच्या साध्या अंड्यासाठी आणि एकदा थोड्या तेलात फ्राय केलेल्या लार्ज अंड्यासाठी. आकडा सेम पण आतला माल वेगळा, पहिल्यात जवळपास ८ ग्रॅम प्रोटीन आणि ६ ग्रॅम फॅट, दुसऱ्यात ६.३ प्रोटीन आणि ६.८ फॅट. आणि प्रोटीनचं म्हणाल तर तळल्यामुळे ते कमी होत नाही, त्यावर खाली बोलतो.

मी गेली बरीच वर्षं लोकांचे डाएट प्लॅन बसवून देतोय आणि अंड्याच्या बाबतीत चूक जवळपास कायम दोनच ठिकाणी सापडते, एक साईज आणि दुसरी तेल. उकडलेल्याची नोंद की कच्च्याची, ब्राऊन की सफेद, यावर लोक तासभर वाद घालतात पण त्याने हिशोबात काही विशेष हलत नाही.

आधी साईज घेऊ. "२ अंडी" हे माप नाहीये हो, ती मोजणी झाली. टरफल काढून छोटं अंडं ३८ ग्रॅम भरतं, मीडियम ४४, लार्ज ५०, एक्स्ट्रा लार्ज ५६ आणि जम्बो ६३. हे सगळं अमेरिकन पद्धतीचं, कारण बहुतेक ॲपमधला डेटा तिथल्या सरकारी टेबलमधूनच घेतलेला असतो. आता गंमत बघा, युरोपात लार्ज म्हणजे टरफलासकट ६३ ते ७३ ग्रॅमचं अंडं आणि अमेरिकेत लार्ज म्हणजे टरफलासकट सरासरी ५७ ग्रॅमचं, म्हणजे अमेरिकेतलं लार्ज युरोपात मीडियममध्ये जातं. त्यामुळे ट्रेवर लार्ज लिहिलंय म्हणून ॲपमध्ये लार्ज निवडलं तर ते जुळेलच असं नाही, आणि सुटी अंडी घेतली तर त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. नावाच्या मागे लागू नका, काट्यावर ठेवा.

वजन करायला अंडं फोडायची पण गरज नाही. टरफल एकूण वजनाच्या साधारण ११–१२ टक्के असतं, ते धरून मी एक सोपा हिशोब वापरतो आणि सगळ्यांना तोच शिकवतो. अख्खं अंडं टरफलासकट तोला आणि ग्रॅमच्या आकड्याला ९ ने भागा, आलं प्रोटीन. ५७ ग्रॅमचं अंडं असेल तर ६.३ ग्रॅम. कॅलरीसाठी त्याच वजनाची सव्वापट करा, ५७ ची सव्वापट ७१ च्या आसपास, टेबल म्हणतं ७२. फक्त पांढरं खाणार असाल तर ते वाटीत काढून तोला आणि त्यालाही ९ नेच भागा, ३३ ग्रॅम पांढरं म्हणजे ३.६–३.७ ग्रॅम प्रोटीन, आणि कॅलरी म्हणजे वजनाच्या निम्म्या, १७. पाठ करायला एवढंच, ९ चा भागाकार दोन्हीकडे चालतो, फक्त लक्षात ठेवायचं की पूर्ण अंडं टरफलासकट तोलायचं आणि पांढरं टरफलाशिवाय.

आता तुमचाच नाश्ता घ्या, २ पूर्ण आणि ४ पांढरं, आणि तेल सध्या विसरा. लार्ज अंडी असतील तर दोन पूर्ण अंड्यांचं प्रोटीन १२.६ आणि चार पांढऱ्यांचं १४.४, मिळून २७ ग्रॅम, कॅलरी १४४ आणि ६८ मिळून २१२, फॅट ९.८ च्या आसपास. कार्ब्स दीड-दोन ग्रॅम, ते सोडून द्या. हेच सगळं छोट्या अंड्यांवर केलं तर प्रोटीन २० ग्रॅमच्या जरा वर आणि कॅलरी १६०. जम्बोवर केलं तर प्रोटीन ३४ आणि कॅलरी २६५ च्या पुढे. म्हणजे तुम्ही रोज "२ अधिक ४" असं एकच लिहिताय आणि प्रत्यक्षात पोटात २० पण जातायत आणि ३४ पण. एका दिवशी याने काही बिघडत नाही पण तुम्ही महिनाभर २७ धरून बाकीचं जेवण बसवलं आणि अंडी छोटी आणत असाल तर रोज ६–७ ग्रॅम प्रोटीन कागदावरच राहतं.

पूर्ण अंडं विरुद्ध पांढरं, यात एक मोठा गैरसमज आहे तो इथेच काढून टाकतो. खूप जणांना वाटतं की प्रोटीन सगळं पांढऱ्यात आणि फॅट सगळं बलकात. फॅटचं बरोबर आहे, पांढऱ्यात नावापुरतंच असतं. पण लार्ज अंड्याच्या ६.३ ग्रॅम प्रोटीनपैकी २.७ ग्रॅम बलकात असतं, पांढऱ्यात ३.६. म्हणजे बलक टाकला की चाळीस टक्क्यांहून जास्त प्रोटीन पण टाकलं. उलट ग्रॅमला ग्रॅम लावून बघितलं तर बलकच पुढे आहे, १०० ग्रॅम बलकात १६ ग्रॅम प्रोटीन आणि १०० ग्रॅम पांढऱ्यात ११, कारण पांढरं म्हणजे जवळपास नव्वद टक्के पाणीच आहे. मग पांढरं का खायचं, तर कॅलरीसाठी. बलकात ५५ कॅलरी, पांढऱ्यात १७. साधारण २५ ग्रॅम प्रोटीन हवं असेल तर ४ पूर्ण अंडी लागतात आणि त्यात २८८ कॅलरी आणि १९ ग्रॅम फॅट येतं, तेच ७ पांढऱ्यांतून घेतलं तर ११९ कॅलरी आणि फॅट जवळजवळ शून्य. तुमचं २ आणि ४ चं मिश्रण या दोन्हीच्या मध्ये बसतं आणि मला विचाराल तर कट म्हणजे चरबी उतरवणं चालू असताना हे प्रमाण चांगलंच आहे, ते बदलायला मी सांगणार नाही.

उकडलेल्या अंड्याबद्दल फार काही नाहीये. पाण्यात उकडताना बाहेरून काही आत जात नाही, आतून काही निघत नाही, त्यामुळे कच्च्या अंड्याचा हिशोब तसाच्या तसा लागू होतो. टेबलमध्ये कच्च्या लार्जला ७२ आणि उकडलेल्याला ७८ दिसतं, तेवढ्यावरून लोक घाबरतात की उकडल्यावर ६ कॅलरी वाढल्या की काय, पण उकळत्या पाण्यात फॅट कुठून येणार, तो फरक नमुन्यांचा आणि मोजणीचा आहे. दोन्हीपैकी एक धरा आणि कायम तेच धरा. एक छोटी गोष्ट मात्र होते, अगदी ताजी अंडी उकडली की सोलताना पांढरं टरफलाला चिकटून तुकडे निघतात, आणि कधी कधी ४–५ ग्रॅम पांढरं टरफलाबरोबर कचऱ्यात जातं. म्हणजे अर्धा ग्रॅम प्रोटीन गेलं. हे टाळायचं असेल तर उकडायला आठवडाभर जुनी अंडी ठेवा, अंडं जुनं होताना त्यातला कार्बन डायऑक्साईड बाहेर जातो, पांढऱ्याचा पीएच वाढतो आणि ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं.

आता तेल. इथे थोडं सावकाश वाचा, कारण खरी गडबड इथेच आहे.

ॲपमध्ये "फ्राईड एग, लार्ज, ९० कॅलरी" अशी जी नोंद असते तिच्यात फॅट ६.८ ग्रॅम दाखवलेलं असतं. कच्च्या अंड्यात होतं ४.८. म्हणजे त्या नोंदीने एका अंड्यामागे फक्त २ ग्रॅम तेल धरलंय, चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून कमी. चहाचा चमचा सपाट भरला तर साडेचार ग्रॅम तेल बसतं, ४० कॅलरी. टेबलस्पून भरला तर साडेतेरा ग्रॅम, १२० कॅलरी. आणि बाटली तिरकी करून पॅनमध्ये धार सोडली तर किती पडलं ते तुम्हालाही माहीत नाही आणि ॲपला तर नाहीच नाही. तेल कुठलं आहे याने फरक पडत नाही, ऑलिव्ह असो सूर्यफूल असो शेंगदाणा असो, एका ग्रॅमला ९ च कॅलरी. "चांगलं" तेल म्हणून कॅलरी कमी होत नाहीत.

पण पॅनमध्ये ओतलेलं सगळंच तेल पोटात जातं असंही नाही, काही पॅनमध्ये राहतं, म्हणून मोजायचं कसं ते सांगतो. माझ्याकडे एक ताई यायच्या, सकाळी फक्त ४ पांढऱ्यांचं ऑम्लेट, आणि डायरीत लिहायच्या ६८ कॅलरी. वजन महिनाभर हललं नव्हतं आणि त्या अगदी प्रामाणिकपणे सगळं लिहीत होत्या. मी त्यांना म्हटलं एक दिवस वजनकाटा घेऊन करू. रिकामा पॅन ठेवला, ६४० ग्रॅम. नेहमीसारखं तेल ओता म्हटलं, त्यांनी ओतलं, काटा ६५५ वर गेला, म्हणजे १५ ग्रॅम. ऑम्लेट करून ताटात काढलं, पॅन थोडा थंड होऊ दिला आणि परत ठेवला, ६४३. म्हणजे पॅनमध्ये उरलं फक्त ३ ग्रॅम, १२ ग्रॅम ऑम्लेटबरोबर गेलं. १२ ग्रॅम तेल म्हणजे १०८ कॅलरी. ६८ चं ऑम्लेट १७६ चं निघालं. दोन पूर्ण अंडी उकडून खाल्ली असती तर १५० च्या आसपास झालं असतं, आणि त्या बलक टाकत होत्या कॅलरी वाचवायला. त्या खूप वेळ त्या आकड्याकडेच बघत बसल्या होत्या. त्यांना मी १ पूर्ण अधिक २ पांढरं उकडून असं करून दिलं, १०६ कॅलरी आणि साडेतेरा ग्रॅम प्रोटीन, आधीच्या ऑम्लेटमध्ये १४.४ होतं, म्हणजे प्रोटीन जवळपास तेवढंच.

ही पद्धत तुम्हीही करून बघा, रोज नको, तीनदाच. काटा १ ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. गरम पॅन काट्यावर थेट ठेवू नका, एक तर बिघडतो आणि दुसरं म्हणजे आकडा नाचतो, थंड होऊ द्या. अंड्याचे तुकडे पॅनला चिकटले असतील तर ते खरवडून ताटात घ्या, नाहीतर ते उरलेल्या तेलात मोजले जातात आणि तुम्हाला वाटतं तेल कमी गेलं. बाहेर उडालेल्या शिंतोड्यांचा हिशोब करत बसू नका, मध्यम आचेवर तो ग्रॅमभर असेल नसेल. तीनदा केलंत की तुमच्या हाताला किती तेल पडतं ते कळतं, नंतर अंदाजाने चालतं.

ताईंच्या ऑम्लेटने एवढं तेल का घेतलं, तेही समजून घ्या. पांढऱ्यात स्वतःचं फॅट नाही, त्यामुळे ते पॅनला पूर्ण अंड्यापेक्षा जास्त चिकटतं, मग माणूस आपोआप जास्त तेल ओततो. त्यात आच मोठी असेल तर पांढऱ्यातलं पाणी बुडबुडे होऊन बाहेर पडतं, कडा जाळीदार कुरकुरीत होतात आणि त्या जाळीत तेल जाऊन बसतं. ताटात काढल्यावर खाली तेलाचं गोल उमटत असेल किंवा टिश्यूवर ठेवल्यावर तो पारदर्शक होत असेल तर समजा की अजून बरंच आत आहे. उपाय साधा आहे, नॉनस्टिक पॅन, आच मंद, तेल ब्रशने किंवा टिश्यूने पुसून लावायचं (२ ग्रॅमच्या आत काम होतं), अंडं टाकल्यावर कडेला चमचाभर पाणी सोडून झाकण ठेवायचं. वाफेवर वरची बाजू शिजते, उलटायला पण लागत नाही. कुरकुरीत कडा मिळणार नाहीत हे मात्र मान्य, त्या हव्या असतील तर तेल मोजून घ्या आणि लिहा, खायला काहीच हरकत नाही.

तुमच्या नाश्त्यावर हे लावून बघू, लार्ज अंडी, २ पूर्ण ४ पांढरं. उकडून २१२. पुसलेल्या तेलावर २३०. चहाचा एक चमचा तेल सगळं आत गेलं तर २५२. एक टेबलस्पून सगळं गेलं तर ३३२ आणि फॅट ९.८ वरून २३ वर. प्रोटीन चारही वेळा २७ च. त्यामुळे तळलं की अंडं "खराब" झालं असं काही नाही, अंडं तेच आहे, शेजारी तेल येऊन बसलंय एवढंच.

प्रोटीन वाढल्या-कमी झाल्याचा भास कुठून येतो तेही सांगतो, कारण हे मला सारखं विचारलं जातं. टेबलमध्ये १०० ग्रॅम कच्च्या अंड्यात १२.६ प्रोटीन आणि १०० ग्रॅम फ्राईडमध्ये १३.६ दिसतं. तळताना पाणी उडून जातं, ५० ग्रॅमचं अंडं २ ग्रॅम तेल पिऊनही ताटात ४६ ग्रॅमच भरतं, म्हणजे तेच ६.३ ग्रॅम प्रोटीन कमी वजनात दाटलं. यातून एक चूक होते ती म्हणजे फ्राय केलेलं अंडं ताटात तोलायचं आणि ॲपमध्ये कच्च्याची नोंद निवडायची, मग ४६ ग्रॅमला ६६ कॅलरी येतात आणि खऱ्या असतात ९०. कच्चं तोललं तर कच्चीच नोंद, शिजवून तोललं तर शिजवलेलीच. कडा अगदी तपकिरी होईपर्यंत तळलं तर लायसिन नावाच्या अमिनो ॲसिडचा थोडासा भाग शरीराला मिळत नाही, पण रोजच्या फ्रायमध्ये तो हिशोबात धरण्याइतका नसतो.

खरं प्रोटीन वाया जातं ते कच्चं पांढरं पिण्यात. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात लहान आतड्याच्या शेवटापर्यंत शिजवलेल्या अंड्याचं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलेलं दिसलं आणि कच्च्याचं फक्त ५१ टक्के. माणसं मोजकी होती, तरी फरक बघा केवढा आहे. वर कच्च्यात साल्मोनेलाचा धोका आणि पांढऱ्यातलं ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन या व्हिटॅमिनला बांधून ठेवतं ते वेगळंच. त्यामुळे शेकमध्ये कच्चं पांढरं टाकत असाल तर ते आजपासून बंद करा, त्यापेक्षा तळलेलं कधीही बरं.

आता ॲपमध्ये काय निवडायचं. "फ्राईड एग", "ऑम्लेट" असल्या तयार नोंदी वापरूच नका, त्यात कुणी किती तेल धरलंय ते दिसत नाही. कच्चं पूर्ण अंडं ग्रॅममध्ये टाका, कच्चं पांढरं ग्रॅममध्ये टाका आणि तेल वेगळ्या ओळीत ग्रॅममध्ये टाका. आणि फ्राईडची नोंद निवडून वर परत तेलाची ओळ टाकू नका, अंड्यामागे २ ग्रॅम तेल दोनदा मोजलं जातं. पूर्ण अंडं टरफलासकट तोललं असेल तर ०.८८ ने गुणून टाका, ५७ चे ५० होतात. उकडलेलं सोलून तोलत असाल तर उकडलेल्याची नोंद चालेल, तिच्यात लपलेलं तेल नाही.

पांढरं वेगळं काढताना एक बघा, टरफलाच्या दोन अर्ध्यांत बलक इकडून तिकडे करत काढलं की थोडं पांढरं बलकाला आणि टरफलाला चिकटून राहतं, ४ अंड्यांत मिळून ८–१० ग्रॅम सहज जातं, म्हणजे एक ग्रॅम प्रोटीन. बोट फिरवून टरफलातलं पुसून घेतलं की बरंचसं परत मिळतं. मात्र उकडून बलक बाहेर काढला तर पांढरं पूर्ण हातात येतं, म्हणून ४ पांढरी असतील त्या दिवशी मी उकडायलाच सांगतो.